एका ओळीला एकच नाव

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. धुळ्याला देवपुरात खोली घेऊन बीएस्सी केलं, आणि नशिराबादजवळच्या केळी पावडरच्या कारखान्यात क्वालिटीत लागलो. त्यामुळे ग्राहक कंपनीच्या ऑडिटनंतर मॅनेजरसाहेबांनी चोवीस स्लाईडींची पीपीटी माझ्याकडे पाठवली तेव्हा छाती फुगली होती.

स्लाईडी नुसत्या तक्रारी सांगतात. त्यातून एक्सेलमध्ये तक्ता करायचा: एक त्रुटी, एक ओळ. कारण, उपाय, जबाबदार माणूस, मुदत, पुरावा. विभागाचं नाव चालत नाही, माणसाचंच लागतं. हे मला चांगलं येत होतं.

सातव्या स्लाईडवर रजिस्टरचा फोटो होता. मेटल डिटेक्टर दर तासाला वेगवेगळ्या धातूंचे तीन नमुने टाकून तपासतात. त्यातला स्टीलचा हरवला होता, म्हणून लाइनवरच्या नानांनी तो रकाना रोज रिकामा सोडला होता. खोटी खूण केली असती तर स्लाईडच झाली नसती. नवीन नमुन्यासाठी त्यांनी दोनदा लेखी मागणी दिली होती. दोन्ही कागद माझ्याच फाइलीत होते.

मी खरेदीप्रमुखाचं नाव टाकलं. साहेब म्हणाले, "ते मालकांचे मेव्हणे आहेत, राव. रजिस्टरवर सही कोणाची?"

"नानांची."

"मग झालं की. मुदत पंधरा दिवस."

पुरवठादार महिना सांगत होता, हेही मला ठाऊक होतं. मी नानांचं नाव टाकलं. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला; त्या दोन मागण्या तिथं लिहिल्या नाहीत.

सोळाव्या दिवशी ओळ आपोआप लाल झाली. मीटिंगमध्ये साहेबांनी ती भिंतीवर मोठी करून दाखवली. नानांचा करार त्याच महिन्यात संपत होता.

"नाना, पंधरा दिवस काय केळी सोलत होते का?"

सगळे हसले. मीही हसलो.

नाना माझ्याकडे वळले. "भाऊ, खरेदीना कागदवर सही कराना हक माले नही शे. तू ते शिकेल शेस, तूच सांग यास्ले."

मी लॅपटॉपकडे बघत म्हणालो, "तक्त्यात तसं काही नोंदलेलं नाही, नाना."

ते बसले. करार वाढला नाही.

नमुना दोन आठवड्यांनी आला. साहेबांच्या सांगण्यावरून मी नानांच्या जागी माझं नाव घातलं, मुदत पुढं ढकलली, फोटो जोडला. ओळ हिरवी झाली. ग्राहकाचा मेल आला: ही त्रुटी मुदतीत बंद, जबाबदार व्यक्तीचं अभिनंदन.

तो मेल मी घरी वडलांना वाचून दाखवला. मराठी करून.