दोनदा झालेलं भाषण

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी आठवड्यातून दोनदा जातो. रक्तदाब मोजतो, कापलेल्या बोटांना पट्ट्या बांधतो आणि रजेच्या अर्जावर सही करतो. उरलेले दिवस शुक्रवार पेठेतला दवाखाना. कारखान्याच्या कागदांवर माझा उल्लेख 'वैद्यकीय सल्लागार' असा आहे. सल्ला मात्र इतक्या वर्षांत एकदाच विचारला गेला, आणि तो एका भाषणाबद्दल होता.

भाषण बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाचं. हा मंद्रूपकडचा. घरी अजून शेरडं-मेंढरं आहेत, भाऊ बघतो. वय पन्नाशीच्या आसपास, बोलणं इतकं कमी की तपासताना 'जीभ दाखवा' म्हटलं तरच तोंड उघडायचं. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास. सकाळी चहा, संध्याकाळी एखादं केळं. त्याच्या घरच्या रिवाजाप्रमाणे उपवास नवमीला दुपारी सुटायचा.

नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, कारखान्यात यंत्रांची पूजा असते. मागांना झेंडूच्या माळा, बॉयलरला हळदकुंकू, आणि मग सगळ्यांना मटणाचं जेवण. त्या वर्षी जेवण साडेबाराला ठरलं होतं. पण आदल्याच आठवड्यात जनरल मॅनेजर साहेबांना कुठल्याशा संस्थेचा कुठलासा पुरस्कार मिळाला होता, तेव्हा आधी सत्कार करायचं ठरलं. सुरुवातीला साहेबांचं भाषण, मग प्रत्येक खात्यातर्फे एक फेटा, एक हार, एक शाल, एक नारळ, चार शब्द. खाती अकरा होती. त्यांतल्या दोन खात्यांत मिळून तीन माणसं काम करत होती, पण चार शब्द त्यांनाही होतेच. अडीच वाजले तरी मटण पातेल्यातच.

मधल्या वेळात आमचा बॉयलरवाला दोघा मित्रांबरोबर कंपाउंडमागच्या लिंबाखाली जाऊन आला. नऊ दिवसांच्या रिकाम्या पोटावर दीड क्वार्टर, वीस मिनिटांत. परत आला तेव्हा सरळ चालत होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, पोरीची परीक्षा झाली का?"

"झाली की. चांगले पेपर गेले."

"बरं झालं. लई अभ्यास केला म्हना तिनं."

पाच-सात मिनिटांनी पुन्हा, "डॉक्टर, पोरीची परीक्षा झाली का?" पुन्हा तेच उत्तर, पुन्हा त्याला तितकाच आनंद. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा मला कंटाळा आला. मी डॉक्टर आहे, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं. नाही आठवलं, आणि मी तर प्यायलोही नव्हतो.

मग तो उठला. माइक हातात घेतला आणि ज्या माणसाच्या तोंडून मी सलग दोन वाक्यं ऐकली नव्हती, तो सहा मिनिटं बोलला. एकदाही अडखळला नाही.

"आजपातुर कदी बोललो न्हाय, आज बोलतो. मी नऊ दिस काय खाल्लं न्हाय. सायबांनी नऊ वर्सं काय ऐकलं न्हाय. बॉयलरचा जिना हलतोय, आमी सांगतोय, आन साहेब फेटं बांदून घ्यायलेत. आज मशीनची पूजा हाय. मशीनला एक माळ आन सायबांना अकरा. साहेब मशीन असते तर आजपातुर भंगारात गेले असते, कारन तेल घातलं तरी आवाज तोच."

लोक हसले, मग हसल्याचं लक्षात येऊन गप्प झाले. साहेबांच्या डोक्यावरचा फेटा जराही हलला नाही. मला दवाखान्याची वेळ झाली होती. मी न जेवताच निघालो.

चार दिवसांनी त्याला साहेबांच्या अपमानाबद्दल नोटीस मिळाली. त्यानं खुलासा दिला: 'मला त्या दिवशीचं काही आठवत नाही.' त्यावर दुसरा आरोप लागला, खोटा खुलासा दिल्याचा. पहिल्या आरोपाला फार तर ताकीद मिळाली असती. दुसऱ्यावर नोकरी जाणार होती, कारण साहेबांच्या मते शिवी एक वेळ चालेल, फसवणूक नाही. नोकरीच्या सत्ताविसाव्या वर्षी ती गेली असती तर तो मेंढरांकडे परत गेला असता, आणि मेंढरांनाही आता त्याची सवय राहिलेली नव्हती.

चौकशी अधिकारी म्हणून एक निवृत्त वकील आले, आणि सल्ल्यासाठी मला बोलावलं गेलं. काळा कोट ऑक्टोबरच्या उन्हातही अंगात. टेबलावर हिरवं कापड, पाण्याचा झाकलेला पेला, आणि 'कामकाज सुरू आहे' अशी पाटी. ती पाटी दाराबाहेर लावायची होती, पण त्यांना ती समोर ठेवायला आवडे.

"भाषणाचा व्हिडिओ पाहिलात?" त्यांनी बॉयलरवाल्याला विचारलं.

"व्हय. मोबाइलवर समद्यांनी दाखवला."

"मग आता आठवलं?"

"न्हाय साहेब. तो मीच हाय, शर्ट बी माजाच हाय. पर दुसऱ्याच्या लग्नाची शूटिंग बघितल्यावानी वाटतंय."

"डॉक्टर," वकीलसाहेब माझ्याकडे वळले, "हा मनुष्य उभा होता. बोलत होता. आकडेसुद्धा बरोबर सांगत होता. बेशुद्ध नव्हता. मग आठवत नाही, हे कसं?"

मी शक्य तितकं साधं सांगितलं. बेशुद्ध पडणं वेगळं. त्यात सगळा मेंदूच गुंगतो. इथं तसं नव्हतं. कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, करंगळीएवढा वाकडा भाग असतो. आत्ता घडलेलं टिकाऊ आठवणीत बदलायचं काम तिथून चालतं. दारू रक्तात झपाट्यानं चढली की या भागातल्या पेशींची एकमेकींशी चाललेली निरोपांची देवाणघेवाण दबते, त्यांच्यातली जोडणी पक्की होत नाही. बाकीचा मेंदू मात्र बऱ्यापैकी चालू असतो. जुनं सगळं आठवतं, बोलता येतं, चालता येतं, समोरचं पाच-सात मिनिटं ध्यानातही राहतं. त्यानंतर ते जातं. रिकाम्या पोटी, घाईनं प्यायलं की हे लवकर घडतं. कधी तुकडे राहतात आणि कुणी खूण सांगितली की थोडं आठवतं. कधी काहीच राहत नाही.

"म्हणजे विसरला," वकीलसाहेबांनी लेखनिकाला सांगितलं.

"विसरायला आधी ते साठवलेलं असावं लागतं," मी म्हटलं. "इथं साठवलंच गेलं नाही."

वकीलसाहेबांना हे पटलं नाही. त्यांना लहानपणीचं सगळं आठवत होतं आणि त्यांनी त्यातला काही भाग ऐकवलाही. तेवढ्यात बॉयलरवाल्यानंच तोंड उघडलं.

"साहेब, बोलू का? आमी दर तासाला लॉगबुक लिवतो. प्रेशर किती, पानी किती. समजा वहीवाला झोपला. बॉयलर चालूच हाय, वाफ चालूच हाय, टॉवेल बी निगतोय. पर वही कोरी. दुसऱ्या दिवशी ती वही किती बी उलटी-पालटी करा, काय सापडंल? डॉक्टर म्हनत्यात ते ह्येच की."

माझी पंधरा मिनिटं त्यानं अर्ध्या मिनिटात उरकली. लेखनिकानं ते न विचारता लिहून घेतलं.

पण वकीलसाहेब मुरलेले होते. "ठीक. बॉयलर चालू होता म्हणता. म्हणजे डॉक्टर, बोलताना आपण काय बोलतोय हे त्याला कळत होतं?"

इथं मला खोटं बोलायचा मोह झाला. 'कळत नव्हतं' म्हटलं असतं तर सगळं एका झटक्यात सुटलं असतं. पण ते खरं नव्हतं. "बरंचसं कळत होतं," मी म्हटलं. "तारतम्य सुटलं होतं, एवढंच. आठवण न बनणं म्हणजे समज नसणं नव्हे."

बॉयलरवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मेंढरानं कापायला नेणाऱ्याकडे पाहावं तसं नाही, पण त्यापासून फार लांबही नाही.

"आणि आठवत नाही, याला पुरावा काय? तुमचा शब्द?"

पुरावा नव्हता. रक्त कुणी तपासलं नव्हतं, आणि ही गोष्ट रक्तात दिसतही नाही. मी परीक्षेच्या प्रश्नाचं सांगितलं. साहेबांचे प्रतिनिधी म्हणाले, डॉक्टर त्याच्या बाजूचे आहेत. तेवढ्यात कँटीनवाल्या मावशी चहा घेऊन आल्या. पद्मशाली घरातल्या, घरात तेलुगू आणि बाहेर स्वतःची मराठी. कप ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "कुठलं भाषण म्हणायलेत? पहिलं का दुसरं?"

"दुसरं कुठलं?" वकीलसाहेबांनी कप तसाच ठेवून विचारलं.

"मी पहिल्या वेळी भट्टीपाशी होते," मावशी म्हणाल्या. "सगळे म्हणायले लई भारी बोलला, माझं चुकलं. मग पंक्ती बसल्यावर हा परत उभा राहिला, तर मी फोन काढला. साहेब लोक तेव्हा आतल्या केबिनमध्ये जेवत होते ना."

फोन टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवला गेला. पडद्यावर तोच शर्ट. "आजपातुर कदी बोललो न्हाय, आज बोलतो." शब्द तेच, थांबायच्या जागा त्याच. 'मशीनला एक माळ' म्हणताच पंक्तीतून पुढचं वाक्य लोकांनीच एका सुरात पूर्ण केलं. तो गोंधळून थांबला, इकडंतिकडं बघू लागला आणि व्हिडिओत स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाला, "तुमाला कसं म्हाईत?"

हे सोंग करून जमत नाही. वकीलसाहेबांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा ते हसले आणि लगेच खोकले. बॉयलरवाला मात्र गंभीरपणे बघत होता. "पयल्यापेक्षा दुसरं बरं झालंय," तो म्हणाला.

खोट्या खुलाशाचा आरोप गेला, नोकरी राहिली. भाषणाबद्दल लेखी माफी द्यायची होती. ती लिहायला तो माझ्या दवाखान्यात आला.

"डॉक्टर, तुमी तितं म्हनलात मला कळत हुतं."

"हो. राग आला?"

"त्या टायमाला आला. आता बरं वाटतंय. कळत नव्हतं म्हनला असता तर जिना बी खोटा झाला असता." मग कागद पुढं सरकवला. "माइकवर बोलल्याची माफी लिवा. जिन्याचं काय लिवू नका."

तसंच लिहिलं. खाली मी माझ्या मनानं एक ओळ घातली: उपाशी माणसांना जेवणासाठी ताटकळत ठेवू नये, आणि उपाशी पोटी घाईनं दारू पिणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी आपल्या आठवणीवर भरवसा ठेवू नये.

पुढच्या खंडेनवमीला फलकावर सूचना होती: 'वैद्यकीय सल्ल्यानुसार भोजन प्रथम, सत्कार नंतर.' बॉयलरचा जिना नवा होता, त्याचंही उद्घाटन होतं. बॉयलरवाल्यानं उपवास केळं आणि ताकावर सोडला, मग मटणाच्या दोन वाट्या घेतल्या आणि माइककडं पाठ करून माझ्या शेजारी बसला. पोरीबद्दल त्यानं एकदाच विचारलं. मग साहेब बोलायला उभे राहिले. पहिल्या दोन वाक्यांनंतर त्यानं मला कोपरानं ढोसलं. भाषण शब्दन् शब्द मागच्या वर्षीचंच होतं, आणि साहेब पूर्ण शुद्धीत होते.