साडत्रीस

दिवाळीआधी रंगाऱ्यांनी कारखान्याची भिंत खरवडली आणि तिच्यावर चिकटवलेला स्तंभालेखही त्यांच्या खरवडायच्या पत्र्याखाली गेला. बडोद्याच्या गोरव्यातल्या आमच्या कारखान्यात हजार नगांमागे कुठल्या मशीनवर किती बाद झाले, ते तो आलेख सांगायचा. तपासणीसभाई तो दर महिन्याला हाताने काढत. सध्या ते मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी होते. मालकांना मात्र संध्याकाळी गिऱ्हाईक यायच्या आत तोच आलेख पडद्यावर हवा होता.

एक बरं होतं, की भाई प्रत्येक आलेख वहीत गुजरातीत लिहूनही ठेवत, आकडेसुद्धा अक्षरांत. आकड्याला तेलाचं बोट लागलं की तिनाचा आठ होतो, शब्दाचं तसं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तपासणी विभागात बावीस वर्षं झाली होती, आणि असल्या म्हणण्यांवर वाद घालायची ताकद उरली नव्हती. वही उघडली आणि मजकुराची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल, करायला बसले.

काम किरकोळ, पण डोकं खाणारं. पहिल्या ओळीत दोन मथळे, मशीन आणि बाद नग, मध्ये स्वल्पविराम. मग एकेका मशीनची एकेक ओळ. जुन्या लेथवर बावीस. 'लेथ, नवा' असं भाईंनी स्वल्पविराम देऊन लिहिलेलं, ते तसंच टाकलं असतं तर दोनाचे तीन रकाने झाले असते. मी 'नवा लेथ' केलं. त्यावर जुन्यापेक्षा पाच जास्त, म्हणजे सत्तावीस. ड्रिलवर नव्या लेथइतकेच. आकड्यापुढे 'नग' लिहायचं नाही, नाहीतर प्रोग्राम त्याला आकडा मानत नाही. मग आलं मिलिंग.

मिलिंगवर आमचे काका, नात्याचे नव्हेत, सगळा कारखानाच त्यांना काका म्हणतो. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, आणि हे तीस वर्षं त्या एका मशीनपुढे ताठ उभे. हजारात बाद नग पस्तिसाच्या वर गेलेल्या मशीनवरचा माणूस पॅकिंगला पाठवायचा, असा मालकांचा नवा नियम होता. काका दोन दिवस जेवणाचा डबा अर्धा परत नेत होते.

वहीत होतं साडत्रीस. मी वाचलं साडेतीस, आणि टाइप केलं 30.5. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मला इतकं हायसं वाटलं, की अर्धा नग बाद कसा होतो हा प्रश्नही पडला नाही. खरं सांगायचं तर पडला होता. सरासरी असेल, असं मीच मला समजावलं. पुढे 'ग्राइंडरवर तेत्रीस, मिलिंगपेक्षा चार ओछा' होतं, म्हणजे तेहतीस, चार कमी; त्यातले तेत्रीस तेवढे घेतले आणि शेपूट सोडून दिलं. सकाळच्या चहाच्या वेळी काकांना सांगितलं, तुम्ही रेषेच्या आत आहात. ते फोन घेऊन बाहेर गेले.

दुपारी फाइल प्रोग्रामला दिली. पाच खांब उभे राहिले आणि सगळ्यात उंच ग्राइंडरचा निघाला. वहीत तर ग्राइंडर मिलिंगपेक्षा कमी होता. तेहतीस आणि चार किती, हे मला पहिलीपासून येतं. तरी मी भाईंना फोन लावला, त्यांनी काहीतरी वेगळं सांगावं या आशेने.

"साडत्रीस एटले त्रीस ने सात, बेन," ते म्हणाले. "साडा त्रीस जुदुं." म्हणजे हे सदतीस, साडेतीस वेगळे. मग हळूच विचारलं, किती वर्षं झाली बडोद्यात? मी म्हटलं, जन्मच इथला. निजामपुऱ्यात भाजीवालीशी रोज गुजरातीत घासाघीस करते, पण आकडे अजून मराठीत ऐकते.

फाइल तशीच ठेवता आली असती. वही माझ्याकडे होती, भाईंना दिसत नव्हतं, आणि हात दाखवून अवलक्षण करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पण मिलिंग बुटकं ठेवलं की सगळ्यात उंच खांब ग्राइंडरचा, आणि बोलणी त्याच्यावरच्या माणसाला. 30.5 खोडून 37 केलं. मला स्वतःचा राग आला, चूक झाली म्हणून नव्हे, काकांना आधी बोलून बसले म्हणून.

काकांना मशीनपाशी जाऊन सांगितलं. माझी चूक कशी झाली तेही सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं, चिंधीने हात पुसले, एकेक बोट करून.

"बरोबर केलंत, ताई. सदतीसच असणार, मला माहीत होतं," ते म्हणाले. "फक्त सकाळी मी घरी बायकोला फोन केला. तिने शिरा करायला घेतला असेल."