दिव्याची मोडलेली रेघ

ताईंना घेऊन रस्त्याने चालणं म्हणजे नवऱ्याच्या संयमाची परीक्षा. दर चार पावलांवर त्या एखाद्या उभ्या गाडीपाशी थांबायच्या, मान वाकडी करायच्या आणि दारावर पडलेलं खांबाचं प्रतिबिंब न्याहाळायच्या. "अगं, गाडीचा मालक येईल आणि चोर समजून धरेल," नवरा कुरकुरायचा. पण ताईंचं पोट यावरच चालत होतं. स्कूटरच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर गाडीचा बाह्य आकार घडवायचं काम त्या कित्येक वर्षं करत होत्या.

कॉम्प्युटरवरचा आकार एकसंध दिसला तरी तो असतो तुकड्यांचा, गोधडीसारखा. शिवण दिसली की काम फसलं. आणि ती बोटाला लागली नाही तरी चकचकीत रंगावर दिव्याची रेघ पडली की चुगली करतेच.

त्या वर्षी ताईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यातही पडदा धरू लागला होता, म्हणजे सगळी भिस्त या नव्या डोळ्यावर. डॉक्टर म्हणाले, उत्तम झालंय. पण डॉक्टर अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात, स्कूटर नाही. ताईंच्या मनात पाल चुकचुकत होती.

रजा संपवून त्या कामावर आल्या तेव्हा नव्या स्कूटरचं पुढचं पॅनेल तयार होतं. नमुन्याचा, काळ्या चकचकीत रंगाचा तो एकच नग. तो पास झाला की पोलादी साचा कापायला जाणार होता, आणि पोलाद कापल्यावर मागे फिरणं महाग. ताईंनी पॅनेल छताच्या लांब ट्यूबलाइटखाली धरलं. दिव्याची रेघ सुरेख घसरत आली आणि हेडलाइटच्या वर अचानक मोडली. तुटली नाही, दुमडली.

खोट पॅनेलची, की नव्या डोळ्याची?

"तुला दिसतंय का रे?" त्यांनी शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं. ताई रजेवर असताना पॅनेल त्यानेच पूर्ण केलं होतं.

"काय?" तो पॅनेलवर हात फिरवत म्हणाला. "लोण्यासारखं आहे, ताई. सगळे जोड तपासलेत मी. फट शून्य, कोनातला फरक शून्य. डोळ्याला जरा आराम द्या."

तो मायेने बोलला, म्हणून जास्तच लागलं. ताई पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हा डोळा गेला तर आपण कशाच्या ताई, असं त्यांना वाटलं. भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी.

मग त्यांच्यातली जुनी खोडी जागी झाली. डोळा खोटा असेल तर खोट नजरेबरोबर फिरेल. पॅनेल खोटं असेल तर ती तिथेच बसून राहील.

आत येऊन त्यांनी मोडलेल्या जागी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि डोकं डावीकडे, उजवीकडे, खाली नेलं. रेघ पॅनेलभर सरकत राहिली, पण दुमड पट्टी सोडून हलेना. मग त्यांनी पट्टीची जागा मोजून कॉम्प्युटरवरच्या आकाराशी ताडली. पट्टी बरोबर दोन तुकड्यांच्या शिवणीवर होती.

"जोड कशावर तपासलास?" त्यांनी विचारलं.

"टँजंटवर. दोन्हीकडची दिशा तंतोतंत जुळतेय."

"दिशा जुळली रे. वळण कुठे जुळलं? सरळ रस्त्यावर गाडी चाललीय आणि कुणी एकदम हँडल वळवून धरलं, तर रस्त्याला कोपरा नसला तरी पोटातलं पाणी हलतं ना? दिव्याला तेच होतंय. अलीकडचा तुकडा जवळजवळ सपाट, पलीकडचा लगेच गोल. कर्व्हेचर दाखव."

त्याने पडद्यावर वळणाचा आलेख काढला. जोडापाशी आलेखाने चक्क पायरी घेतली होती. मग आकारावर दिव्याच्या प्रतिबिंबासारखे काळे-पांढरे पट्टे पाडले. पट्टे जोडावर एकमेकांना भेटत होते, पण भेटताक्षणी कोपर काढत होते.

"अरे देवा," सहकारी म्हणाला. "हे पट्टे मी लावलेच नाहीत. साहेबांना घाई होती, आणि शून्य बघून मी खूश!"

"मीही झाले असते," ताई म्हणाल्या, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. डोळा शाबूत होता! खोट स्कूटरची होती! दुसऱ्याच्या चुकीवर इतका आनंद होणं बरं नव्हे, हे कळूनही त्यांना हसू आवरेना.

साचा थांबवला गेला. साहेबांनी आधी कपाळाला हात लावला, मग पट्टे बघून मान डोलावली. दोघांनी मिळून जोड पुन्हा बांधला. तुकड्याचा आकार बिंदूंच्या रांगांनी ठरतो; त्यांतल्या नुसत्या कडेच्या आणि तिच्या शेजारच्या रांगेतले बिंदू जुळवून भागलं नाही. तिसरी रांगही हलवावी लागली, तेव्हा कुठे वळण एका तुकड्यातून दुसऱ्यात अलगद उतरलं.

ताईंनी नवऱ्याला फोन केला. "अहो, डोळा चांगला आहे."

"डॉक्टरांकडे गेली होतीस?"

"नाही. स्कूटरने तपासला."

"बरं झालं," नवरा म्हणाला. मग घसा साफ करून म्हणाला, "आता रस्त्यात थांब हवं तितकं."

पुढे दुरुस्त पॅनेल रंगून आलं. ताईंनी ते ट्यूबलाइटखाली धरलं. रेघ निघाली, हेडलाइटवरून वळली, कुठेही न अडखळता कडेपर्यंत गेली. मग ती हलली, पसरली, विरघळली. सहकारी घाबरून म्हणाला, "आता काय झालं, ताई?"

"काही नाही रे," पदराने डोळे पुसत ताई म्हणाल्या. "या वेळी खोट माझ्याच डोळ्यांत आहे."