सुगीच्या आधी

परभणीत दवाखाना चालवायचा तर पिकांचं वेळापत्रक तोंडपाठ लागतं. हर्निया असो की मोतीबिंदू, ऑपरेशनचा विषय निघाला की समोरून एकच उत्तर येतं, ‘सुगी झाल्यावर बघू.’ मी यावर हसत नाही. माझे वडील शेतकरीच होते आणि त्यांनी स्वतःचा मोतीबिंदू दोन सुग्या पुढं ढकलला होता. हर्निया थांबतो, मोतीबिंदूही थांबतो. पण मी मेंदू आणि नसांची डॉक्टर आहे, आणि माझ्याकडं येणारे काही आजार सुगीबिगी ओळखत नाहीत.

ताडकळसकडचे ते दोघे भाऊ पेरणीच्या दिवसांत पहिल्यांदा आले. आजारी होता तो धाकटा, पन्नाशीचा. जीभ जड झालेली, डावा हात लुळा पडत चाललेला. तपासण्या केल्या आणि मला नको होतं तेच निघालं. मोटर न्यूरॉनचा आजार. यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात. बोलणं जातं, गिळणं जातं, शेवटी श्वास. बुद्धी मात्र बहुधा शाबूत राहते. याची तर लखलखीत होती. पण मी काहीही विचारलं की उत्तर थोरला द्यायचा. भूक लागते का? ‘लागती.’ झोप येते का? ‘येती.’ धाकटा मान डोलवायचा. बाप लवकर गेलेला, थोरल्यानंच याला वाढवलेलं. तो जन्मभर याच्या वतीनं बोलत आला होता, आणि त्यात प्रेमाशिवाय काही नव्हतं.

श्रावणात ते परत आले, या वेळी धाकट्याची बायकोही सोबत. ती म्हणाली, ‘ह्यायला एक भाकर कुस्करून खायला तासभर लागायलाय म्याडम. पाणी पेलं की ठसका.’ वजन केलं. आजाराआधी अडुसष्ट किलोचा माणूस साठावर आला होता. थोरला म्हणाला, ‘श्रावण पाळायलाय तो, म्हणून वाळलाय.’ मी म्हटलं, श्रावणानं माणूस एवढा वाळत असता तर अर्धं परभणी सडपातळ झालं असतं. बायको तोंडाला पदर लावून हसली, थोरला काही हसला नाही.

मग फुंकर मारायची तपासणी. ओठ नीट मिटत नव्हते, हवा बाजूनं निसटत होती, म्हणून तोंडावर मास्क बसवून पुन्हा केली. पेरणीच्या वेळी फुप्फुसांची ताकद अपेक्षेच्या पाऊणशे टक्क्यांच्या वर होती, आता साठाच्या जरा वर. आडवं झोपवल्यावर आणखी कमी. मी त्यांना सरळ सांगितलं. पोटावर लहान भोक पाडून तिथून जठरात नळी बसवतात, नांदेडला होतं, दुर्बीण घालून. पण त्यासाठी आडवं व्हावं लागतं, थोडी गुंगी द्यावी लागते. श्वास निम्म्याच्या खाली गेला की तेच धोक्याचं होतं. तेव्हाही मार्ग असतात, पण जोखीम वाढलेली असते आणि शरीर आधीच उपाशी असतं. वजन दहाव्या हिश्श्याहून जास्त उतरलंय, श्वास अजून पुरेसा आहे. वेळ असलीच तर हीच.

थोरला उठलाच. ‘ठीक हाय म्याडम. सोयाबीन निघू द्या. सुगी झाली की करून टाकू.’

मी चिडले. मला चिडायला वेळ लागत नाही, सिस्टरांना विचारा. म्हटलं, ‘सुगी होईपर्यंत यांचा श्वास वाट बघणार आहे का? आणि पोट कुणाचं आहे? त्यांना विचारलंत?’ तो गोंधळला. म्हणाला, ‘त्याला काय इच्यारायचं? मी हाय ना.’

आमच्या फायलींतही हेच चालतं. ‘नातेवाइकांना समजावून सांगितले, नातेवाइकांचा नकार.’ असलं वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं, कारण त्यात पेशंट कुठंच नसतो. मी थोरल्याला चहाला पाठवलं. खरं म्हणजे बाहेरच काढलं. धाकट्याच्या हातात पाटी दिली. उजवा हात अजून चालत होता.

त्यानं पाटी मांडीवर टेकवली. मग लिहिलं, ‘तोंड बंद होईल का?’

म्हणजे भीती ही होती. पोटात नळी घातली की तोंडानं खाणं संपलं, असं गावात कुणीतरी त्याला सांगितलेलं. मी म्हटलं, नाही. ठसका लागत नाही तोवर चवीपुरतं खा, तेही बसून, हळूहळू. पोट भरायचं काम नळीचं. आणि नळीनं आजार बरा होणार नाही, हेही सांगितलं.

त्यानं पुढं लिहिलं, ‘नको वाटली तर?’

‘वापरणं थांबवता येईल. तुम्ही म्हणाल तेव्हा.’

मग पुढं श्वास कमी पडला तर काय, ते निघालं. मास्क लावून श्वासाला मदत करणारं यंत्र चालेल, असं त्यानं लिहिलं. गळ्याला भोक पाडून कायमचं मशीन मात्र नको. मी तीनतीनदा विचारलं, वेगवेगळ्या तऱ्हेनं. उत्तर तेच. मी थोरल्याला आत बोलावलं आणि पाटी त्याच्यासमोर धरली. तो म्हणाला, ‘आरं, पण सुगी...’ धाकट्यानं पाटी पुसली आणि लिहिलं, ‘सुगी माझ्यासाठी थांबती का?’

थोरला खाली बसला आणि रडला. मी त्याला रडू दिलं.

फायलीत मी सगळं लिहिलं. वजन किती उतरलं, श्वास किती, आत्ताच का, धोके कोणते सांगितले. आणि वेगळं काढून, पेशंटच्याच शब्दांत, काय हवं आणि काय नको. मन बदललं तर हेही बदलेल, दर भेटीला पुन्हा विचारायचं, तेही लिहिलं. सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं सही केली, खाली बायकोनं आणि थोरल्यानं. एक प्रत घरी दिली, एक नांदेडला.

आठवड्याभरात नळी बसली. त्या वर्षीच्या सुगीत तो बांधावरच्या कडुलिंबाखाली खुर्चीत बसायचा आणि बायको मोठ्या सिरिंजनं पातळ, गाळलेलं अन्न सोडायची. वर पाणी सोडून नळी धुवायची. जिभेवर चमचाभर आमटी लागायचीच. वजन तिथंच टिकलं. दर भेटीला मी विचारायची, तो हसून पाटीवर लिहायचा, ‘तेच.’

दुसऱ्या वर्षीची सुगी आली तेव्हा त्याच्या छातीत कफ दाटला. माझ्याकडं दाखल केलं, औषधं दिली, मास्क लावला, तरी श्वास हरत चालला. पाटी धरायची ताकद राहिली नव्हती. भेटायला आलेल्या पाहुण्यांपैकी एक शहरातले शिकलेले गृहस्थ माझ्यावर डाफरायला लागले, ‘नांदेडला हलवा, गळ्यातून मशीन लावा, बघत काय बसलात?’ मी फाईल उघडणार तेवढ्यात थोरला मध्ये आला.

‘त्याला इच्यारलं व्हतं,’ तो म्हणाला. ‘त्यो न्हाई म्हणलाय. गळ्याला भोक न्हाई. आता त्याच्या मनासारखं व्हऊ द्या.’

मी फाईल बाजूला ठेवली. धाप जाणवू नये म्हणून औषध सुरू केलं. थोरला खाटेजवळ बसला, भावाचा हात हातात घेऊन. दुपारी गावाकडून फोन आला. सोयाबीन वाळलंय, शेंगा तडकून दाणे सांडायलेत, कापणीचं काय करायचं?

‘सोयाबीन थांबंल,’ तो म्हणाला आणि फोन बंद केला.