सोयाबीनच्या पाण्याला दूध म्हणालो

माझी नातसून परवा बदाम भिजत घालत होती, लेकीला बदामाचं दूध द्यायचं म्हणून. मी विचारलं, "वरणभात खाते ना गं ती?" ती हसली. तिला वाटलं, म्हातारीला बदाम महाग वाटतात. मला आठवला होता तो बहात्तरचा दुष्काळ आणि माझा थोरला, दीड वर्षाचा.

सोनईजवळ आमचं शेत. विहीर आटली तशी गाय भाकड झाली आणि गुरांच्या छावणीवर गेली. त्यात मला पुन्हा दिवस गेले. पोटुशीचं दूध बाळाला बाधतं म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पोराला अंगावरून तोडलं. आता पोराला द्यायचं काय? माझ्या नणंदेचे यजमान शेतकी खात्यात होते. ते पिशवीभर सोयाबीन घेऊन आले. आमच्याकडं तेव्हा ते कुणी पाहिलंही नव्हतं. रात्री भिजवायचं, साल काढून वाटायचं, गाळायचं आणि चांगला कढ येईपर्यंत उकळायचं. नाहीतर पोट बिघडतं, असं त्यांनी बजावून सांगितलं. उकळण्यात आम्ही कधी कसूर केली नाही. पांढरंशुभ्र निघायचं, वर सायही धरायची. आत्याबाईंनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "दूधच की गं हे."

त्या एका शब्दानं सगळा घोळ झाला बघा. आमच्याकडं दुधाबरोबर मीठ चालत नाही. दूध आणि मीठ एका वेळी पोटात गेलं की अंगावर कोड उठतं, अशी पक्की समजूत. हे दूध तर तिन्ही त्रिकाळ चाललेलं. मग वरण बंद, भाजी बंद. भाकरी कुस्करून त्यात, वर गुळाचा खडा. पिशवी पुरवायची म्हणून पाणीही सढळ. पोरगं पोटभर प्यायचं, त्यामुळं कुणाला शंका येईना.

मग ते किरकिरं झालं. चालायला लागलेलं पोर भिंतीला टेकून बसायला लागलं. आत्याबाई म्हणाल्या, "दिष्ट लागलीया." मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. आणि एक दिवस दिवेलागणीला मी त्याच्यापुढं वाटी ठेवली, तर ते जमिनीवर हात फिरवायला लागलं. वाटी त्याच्या गुडघ्याशी होती. मी दिवा जवळ आणला, तेव्हा त्यानं ती उचलली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. उंबऱ्याला अडखळून पडलं, रडलंही नाही.

सकाळच्या एसटीनं आम्ही नगरला गेलो. मी, मालक आणि आत्याबाई. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याची पापणी वर केली. बुबुळाच्या बाजूला कोरडा, फेसासारखा डाग होता.

"काय देता याला?"

"दूध," आत्याबाई म्हणाल्या. "भरपूर पितंय."

"कुठलं दूध? गाईचं?"

"सोयाबीनचं."

"आणि वरणभात, पालेभाजी?"

"आवो बाई, दुधासंगं मीठ कसं द्यावं?"

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, ते दूध नाही, डाळीचं पाणी आहे. अंग भरायला चांगलं, पण हाडांना लागणारा चुना त्यात फार थोडा, आणि डोळ्याला लागतं ते जीवनसत्त्व नाहीच. तेही तुम्ही पातळ केलंत. वर्षाच्या आतल्या लेकराला तर त्याच्यावर ठेवायचंच नाही. याला जेवणाबरोबर दिलंत तर चालेल, दुधाच्या आणि जेवणाच्या जागी नाही."

"मग बदामाचं देऊ?" आत्याबाईंनी विचारलं. "भीक मागून आणीन मी."

"त्यातही ते नाही. चार बदामांचं तर नुसतं पांढरं पाणी."

मालकांनी हळूच विचारलं, "डोळं जातील का?"

"आणखी उशीर केला असता तर बुबुळ मऊ पडलं असतं. मग माझ्या हातात काही नव्हतं." त्यांनी पिवळं, तेलासारखं औषध चमच्यानं त्याच्या तोंडात घातलं, आणि उद्या पुन्हा द्यायचं म्हणून पोराला दवाखान्यातच ठेवून घेतलं. घरी गेल्यावर शेवग्याचा पाला वरणात शिजवून, वर तेल घालून द्यायचा, आणि शेळीचं का होईना, कपभर दूध मिळवून, उकळून द्यायचंच, असं सांगितलं. "आणि आजी, वरणात मीठ घाला."

घरी आलो तरी माझी भीती उतरेना. संध्याकाळ नको वाटायची. पाला दुष्काळातही शेजाऱ्यांच्या झाडावर हिरवा होता. तो रोज शिजत होता, पण पोराला दिसतंय का, हे कसं कळावं? हाक मारली की ते आवाजावर येतं. बांगड्या वाजल्या तरी येतं. तेव्हा आत्याबाईंनीच एक दिवस दिवा लावू दिला नाही. माझ्याजवळ बसल्या, माझी दोन्ही मनगटं घट्ट धरली, बांगडी किणकिणू नये म्हणून. पुटपुटल्या, "बोलू नगं. हलू नगं."

पोरगं दारात उभं होतं. अंधार दाटत चाललेला. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग ते निघालं, वाटेत ठेवलेल्या टोपलीला वळसा घालून आलं, आणि सरळ माझ्या मांडीवर येऊन बसलं.

आत्याबाईंनी तरीही माझी मनगटं सोडली नाहीत.