जाळीच्या पिशवीतली ओढणी

बायकोचे आतले कपडे मी धुतो हे गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात कोणाला कळलं, तर दुकानाचं शटर पाडून गाव सोडावं लागेल, असं मला दोन वर्षं वाटत होतं. माझं बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकं येतात बियाणं घ्यायला आणि बसतात गप्पा मारायला, आणि कोणाच्या घरात काय चाललंय याची चर्चा माझ्याच बाकड्यावर होते. त्या बाकड्यावर आपली पाळी येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

सुरुवात बायकोच्या मनगटापासून झाली. ती गोंदियाला शाळेत शिकवते. बसमधून उतरताना पाय घसरला आणि हात मोडला. प्लास्टर निघालं तरी कपडे पिळायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिचे शाळेचे कपडे म्हणजे शिफॉनच्या साड्या आणि नाजूक भरतकामाचे कुर्ते. पहिल्याच आठवड्यात मी त्यातला एक कुर्ता माझ्या जीन्सबरोबर मशीनमध्ये टाकला आणि त्याच्या गळ्यावरचं भरतकाम उसवून बाहेर आलं. ती रागावली नाही, नुसती कुर्त्याकडे बघत राहिली. ते मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या बाजारात जाऊन मी नाजूक कपडे मशीनमध्ये टाकायच्या, चेन लावायच्या जाळीच्या पिशव्या घेऊन आलो. दुकानदाराने विचारलं, "मॅडम के लिए?" मी मान हलवली आणि उगाच पंख्याकडे पाहिलं.

मग मला त्याचा नादच लागला. शिफॉनला बारीक जाळीची पिशवी, कुर्त्याला जरा मोठ्या जाळीची. कुर्ता उलटा करायचा, बटणं लावायची. पिशवी ठासून भरायची नाही, कपड्याला आत हलायला जागा हवी. चेन पूर्ण ओढायची आणि तिचं टोक त्या छोट्याशा इलास्टिकच्या खिशात सरकवायचं, नाही तर फिरताना चेन उघडते आणि टोक दुसऱ्या कपड्याला लागतं. आमची मशीन दोन टबांची. धुतलेलं उचलून पिळायच्या टबात ठेवावं लागतं. तिथे पिशवी तळाशी पसरून ठेवायची आणि समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाचा टॉवेल, म्हणजे टब धडधड करत नाही. वरून प्लास्टिकची चकती दाबायची. शिफॉनला एक मिनिट पुरतं.

आणि ब्राची पिशवी वेगळी. हूक लावून मगच आत टाकायची आणि शिफॉनच्या पिशवीत तर चुकूनही नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, मी स्वतः शोधून काढलं होतं. तिलाही मीच शिकवलं.

तिचा हात बरा झाला तरी मी ते काम सोडलं नाही. रविवारी सकाळी मागच्या सपरीचं, म्हणजे पडवीचं, दार लावून घ्यायचो, आतल्या दोरीवर तिचे कपडे घालायचो आणि वर टॉवेल टाकायचो, म्हणजे शेजारच्या गच्चीवरून काही दिसू नये. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर दोघांचं असं, तिसऱ्याला ठाऊक नसलेलं काही उरत नाही. आमच्यात हे होतं. मी तिला एकदा म्हणालोही होतो की हे बाहेर जाऊ देऊ नको. ती म्हणाली, "मी कायले कोनाले सांगू?"

मागच्या उन्हाळ्यात गावात तिच्या नात्यातलं लग्न होतं. तिची धाकटी बहीण आणि आई तिरोड्याहून आमच्याकडे उतरल्या होत्या. बहिणीच्या मोरपंखी शिफॉनच्या ओढणीवर लग्नाच्या जेवणात भाजीचा रस्सा सांडला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या दोघी लग्नघरी निरोप घ्यायला गेल्या, पाठोपाठ मी दुकानात. बायको घरीच थांबली, ओढणी धुऊन ठेवते म्हणाली.

दुपारी जेवायला आलो तर तिघी पुढच्या खोलीत. ओढणी मेहुणीच्या मांडीवर पसरलेली. मधोमध बोटभर फाटलेली, आणि त्या फाटीपासून दोन्हीकडे धागे ओढले गेलेले. मी चप्पल काढत होतो तेवढ्यात बायको म्हणाली, "यायनंच धुतली ना. मी म्हटलं होतं, राहू द्या म्हनून."

मला आधी कळलंच नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती कांदा चिरत होती, मान खाली. मेहुणी ओढणीची घडी करायला लागली. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे, कपडाच तो. माझ्या कानशिलांतून जाळ निघत होता. मी हात धुवायला मागे गेलो.

सपरीत दोरीवर टॉवेल होता. मी तो उचलला. खाली तिची ब्रा वाळत होती, हूक उघडे, आणि मधल्या हुकात मोरपंखी धाग्याचा गुंता अडकलेला. म्हणजे दोन्ही एकाच पिशवीत, तेही हूक न लावता. घाईत तिने टाकल्या असतील. चूक कोणाचीही होते, त्याचं मला काहीच नव्हतं. पण पुरावा माझ्या हातात होता आणि तो घेऊन मी सासूबाईंसमोर जाऊ शकत नव्हतो. हे तिला पक्कं माहीत होतं. याचाच मला जास्त संताप आला.

थोड्या वेळाने ती पाणी घ्यायला मागे आली. मी आवाज न चढवता विचारलं, "काऊन बोलली तू असं?"

ती म्हणाली, बहिणीच्या लाडाची ओढणी होती, स्वतःचं नाव घेतलं असतं तर बहिणीनं जन्मभर बोलून दाखवलं असतं. "तुमाले कोन काय म्हनते? गडीमानूस आहे म्हनून सोडून देतेत."

मी हूक दाखवला. तिने पाहिला, आणि धागा काढून चुरगाळून टाकला.

तेव्हा माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट शिरली. पुढच्या खोलीत कोणाला नवल कसं वाटलं नव्हतं? जावई ओढणी धुतो म्हटल्यावर सासूबाईंची भुवईसुद्धा हलली नव्हती. मी म्हणालो, "मी धुतो हे त्यायले कसं माहीत?"

"सगळ्यायलेच माहीत आहे," ती म्हणाली. "प्लास्टर होतं तेव्हापासून. मी चांगलंच सांगते ना जी, वाईट थोडी सांगते."

सगळ्यायले म्हणजे कोणाकोणाला, हे मी विचारलं नाही. तिच्या शाळेतल्या बाया माझ्या दुकानात येतात. त्यांचे नवरे येतात. दोन वर्षं मी दार लावत होतो, दोरीवर टॉवेल टाकत होतो, आणि तिने मला ते करू दिलं. एकदा तरी सांगायचं होतं की आता कशाला लपवता. तिने सांगितलं नाही. रविवारी सकाळी मी टॉवेल टाकत असताना ती आतून चहा हवा का म्हणून विचारायची, तेव्हा ती हसत असेल का, असं मला वाटून गेलं.

संध्याकाळी त्या दोघींना मी बसवर सोडायला गेलो. बस लागलेली होती. मेहुणी जागा धरायला पुढे चढली. सासूबाईंची पिशवी मी वर दिली, त्या पायरीवरच थांबल्या, माझ्या दंडाला हात लावला आणि हळू आवाजात, मायेने म्हणाल्या, "बापू, वाईट वाटून घेऊ नका. आतले कपडे टाकायच्या आधी हूक लावून घेत जा."

"हो," मी म्हणालो.