मायलेकींच्या एकाच वेळच्या गरोदरपणाची खरी हकिकत

आमच्या धाकट्या मुलीच्या जन्माची हकिकत आमचे थोरले बंधू प्रत्येक लग्नात सांगतात. तीत पत्नीच्या पायांची सूज प्रथम त्यांच्या नजरेस पडते आणि मी दवाखान्यात आरडाओरडा करतो. दोन्ही गोष्टी धादांत खोट्या आहेत. मी कोरेगावच्या शाळेत मास्तर होतो. आवाज वर्गात चढवीत असे, अन्यत्र नाही.

साठच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. पत्नीला बेचाळिसावे वर्ष लागले होते. पाळी थांबली तेव्हा वयाप्रमाणे ती गेलीच, असे तिने गृहीत धरले, आणि मीही. आमची एकुलती लेक वर्षापूर्वी सासरी गेली होती. तिला दिवस गेल्याचा निरोप आला त्याच आठवड्यात पत्नीच्या पोटात काहीतरी हलले. आम्ही साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी तपासून पाचवा महिना सांगितला. पत्नीने पदर तोंडाला लावला. मी विचारले, "या वयात हे शक्य तरी आहे का?"

"शक्य आहे, पण सहज नाही," त्या म्हणाल्या. "चाळिशीनंतर दिवस राहणेच कमी होते. राहिले तरी पुष्कळांचे पहिल्या तीन महिन्यांतच जातात. तुम्ही तो टप्पा ओलांडलात. आता रक्तदाब वाढणे, लघवीत साखर उतरणे, बाळंतपण अडणे, हे सारे विशीतल्या बाईपेक्षा अधिक संभवते. मूल मंदबुद्धी निघण्याचा धोकाही या वयात वाढतो. बहुतेक मुले चांगलीच निपजतात. पण आधी कळण्याचा उपाय माझ्यापाशी नाही. माझ्यापाशी आहे ती तपासणी. दर पंधरा दिवसांनी या. आठव्यापासून दर आठवड्याला. आणि बाळंतपण इथेच, घरी नाही."

आठव्यापर्यंत एकही खेप चुकली नाही. मग सातवा सरत आलेली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि घोटाळा झाला. पत्नीने सलग दोन आठवडे आपल्या जागी लेकीलाच जाऊबाईंबरोबर, म्हणजे बंधूंच्या पत्नीबरोबर, साताऱ्यास धाडले. "पहिलटकरीण ती हाय. माझं काय, म्या एकदा निभावलंय," असे ती म्हणे. बंधू म्हणतात, मी एस.टी.चे भाडे वाचवले. खरे कारण मला पुढे कळले. लेकीशेजारी त्याच रांगेत, तसेच पोट घेऊन बसायची तिला लाज वाटत होती.

लेकीच्या डोहाळजेवणाला कासार हिरव्या बांगड्या भरायला आला. लेकीचा हात झाल्यावर बायकांनी थट्टेने आईलाही पुढे ढकलले. तिच्या नेहमीच्या मापाची बांगडी मनगटाशी पोचेना. कासार दोनदा हात दाबून म्हणाला, "वयनी, हात लय भरलाय की."

"दोन जिवांची हाय ती, भरंल न्हाई तर काय," जाऊबाई म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

लेक तेवढी हसली नाही. तिने आईला विचारले, "आई, डोस्कं दुखतंय का गं?"

"दोन दिस जरा दुखतंय. उनाचं आसंल."

हाताला सूज आणि डोकेदुखी अशी जोडी दिसली तर तडक या, असे बाईंनी तपासणीत लेकीला बजावले होते; ती थेट ओसरीवर माझ्याकडे आली. तेथे पानाची चंची सोडून बसलेल्या बंधूंनी सूज पाहिली असती, तर ती चंचीतच पाहिली असती.

पुढच्याच एस.टी.ने आम्ही तिघे साताऱ्यास पोचलो. रक्तदाब चढला होता. बाईंनी लघवीची काचनळी दिव्यावर तापवली. वरचा भाग दुधासारखा पांढरा झाला. "यात प्रथिने उतरताहेत," त्या म्हणाल्या. "आज घरी पाठवणार नाही. झटके आले तर दोघांचाही जीव धोक्यात येईल." मी एवढेच विचारले, "मी कुठे थांबू?" यालाच बंधू आरडाओरडा म्हणतात.

तीन आठवडे ती खाटेवर पडून होती. परिचारिका दिवसातून अनेकदा रक्तदाब घेत आणि पोटावर नळी टेकवून बाळाचे ठोके मोजत. जिने लेकीचे बाळंतपण करायचे त्या आईला लेकच डबा पाठवू लागली. पत्नी म्हणे, "आवं, माहेरपणाला कोण आलंय, ती का मी?"

दाब पुन्हा चढू लागला तेव्हा बाईंनी थांबायचे नाही असे ठरवले. सकाळी त्यांनी पाणमोट फोडून कळा आणल्या. तिसऱ्या प्रहरी मुलगी झाली. बाईंनी तिचे डोळे, तळहात, छाती निरखून पाहिली, आणि म्हणाल्या, "मास्तर, छान आहे. आईचा दाब मात्र अजून मोजत राहायचा."

तो मोजायला पत्नी पंधरवड्याने पुन्हा गेली. नवव्यातली लेकही तपासणीस होती. बाकावर दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या. पलीकडच्या म्हातारीने मांडीवरच्या बाळाकडे पाहून पत्नीला विचारले, "नात व्हय?"

"न्हाई," पत्नी साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझीच हाय. नातवंडाला अजून तीन आठवडं हायती."